दर तासाचं रीडिंग

निवृत्त माणूस ‘मला भीती वाटते’ म्हणून डॉक्टरकडे जात नाही. तो सांगतो, छातीत धडधडतं, पोटात गॅस धरतो, उठल्यावर डोकं हलकं होतं, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. डॉक्टर तपासतात, ईसीजी काढतात, ‘काही विशेष नाही’ म्हणतात. माणूस दोन दिवस बरा राहतो आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरची वेळ घेतो. घरातल्यांना वाटतं, रिकामपण दुसरं काय. त्यात थोडं तथ्य आहे, पण घरातले समजतात त्या अर्थानं नाही.

वीज उपकेंद्रात चौतीस वर्षं यंत्रचालक म्हणून काम केलेले एक गृहस्थ घेऊ. ते कोणी एक व्यक्ती नाहीत. अशा अनेक घरांत पुन्हा पुन्हा दिसणारे तपशील जोडून मी त्यांना उभं केलं आहे. त्यांचं काम काय होतं हे नीट पाहायला हवं, कारण पुढचा त्रास त्या कामातूनच वाट काढत येतो. उपकेंद्रात यंत्रचालकाला पाळीत बसून दर तासाला पॅनेलवरचे आकडे लॉगबुकात लिहावे लागतात. कुठल्या फीडरवर किती अँपिअर, व्होल्टेज किती, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान किती. उरलेला वेळ कान उघडे ठेवायचे. ट्रान्सफॉर्मरचा रोजचा गुणगुणाट आणि जरा वेगळा लागलेला गुणगुणाट यांतला फरक या माणसाला रात्रपाळीत डुलकी लागलेली असली तरी कळायचा. लाइनमन खांबावर चढलेला असताना परमिट परत येण्याआधी ब्रेकर चालू झाला तर माणूस जागेवर जातो. तसं त्यांच्या पाळीत कधी झालं नाही. थोडक्यात, ‘आता काय बिघडू शकेल’ हा विचार सतत करत राहण्याचा त्यांना पगार मिळत होता आणि तो विचार ते उत्तम करत होते.

अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले. पहिले सहा महिने मजेत गेले. घराला रंग काढला, अक्कलकोट-गाणगापूर झालं, मुलीचं लग्न उरकलं, मिळालेले पैसे मुदत ठेवीत गेले. हा काळ बहुतेकांना बरा जातो. साठलेली कामं असतात, प्रत्येक कामाला तारीख असते आणि माणूस सुट्टीवर असल्यासारखा वागतो. अडचण सुरू होते ती यादी संपल्यावर. सातव्या महिन्यात एके सकाळी पलंगावरून उठताना त्यांना गरगरलं. दवाखान्यात रक्तदाब थोडा चढा निघाला, गोळी सुरू झाली आणि डॉक्टर सहज म्हणाले, घरी अधूनमधून बघत जा. मुलानं हौसेनं बीपीचं यंत्र घेऊन दिलं. त्यांनी दोनशे पानी वही आणली, पट्टीनं रकाने आखले: तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी.

दोन महिन्यांत मोजणी दिवसाला दोन-तीन वेळांवरून पंधरा-अठरा वेळांवर गेली. रात्री जाग आली की पहिलं काम तेच. त्याच सुमारास गॅसचा नॉब झोपण्यापूर्वी तीन-तीनदा पाहणं सुरू झालं. पुण्यातल्या मुलानं ऑफिसात पोचल्यावर फोन करायचा, नाही केला तर हे करणार, त्यानं उचलला नाही तर सुनेला करणार. बाहेरगावचं लग्न टाळलं, कारण वाटेत काही झालं तर? बाजारात एकट्यानं जाणं बंद झालं. वही मात्र सुबक भरत होती.

आता यंत्राचा पट्टा दंडाला बांधला की शरीरात काय होतं ते पाहू. पट्टा बांधताना मनात प्रश्न असतो, ‘वाढलं असेल का?’ धोक्याची शंका आली की मेंदू ॲड्रेनलिन सोडायला लावतो. हृदय जोरात चालतं, लहान रक्तवाहिन्या आवळतात, आणि दाब खरोखरच चढतो. एरवी १३२ दाखवणारं यंत्र १४८ दाखवतं. म्हणजे शंका खरी ठरली. मग दोन मिनिटांनी पुन्हा मोजायचं, भीती वाढलेली असते, आता १५६. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा मोजताना माणूस थोडा दमतो, आकडा १३८ वर येतो आणि ‘हुश्श’ होतं. हे ‘हुश्श’ महत्त्वाचं आहे. मोजल्यामुळं सुटका झाली, असं मेंदू त्यातून शिकतो, आणि पुढच्या वेळी जराही अस्वस्थ वाटलं की तो यंत्राकडे हात न्यायला लावतो. सुटका पाच-दहा मिनिटांची, सवय मात्र दिवसेंदिवस घट्ट. नॉब पुन्हा तपासणं, मुलाला फोन करणं, दर आठवड्याला नवा डॉक्टर गाठणं, या सगळ्याची रचना हीच आहे.

‘अहो, किती वेळा बघताय? काही होत नाही तुम्हाला,’ हे बायकोचं वाक्यही त्याच रचनेत बसतं. दिलाशानं बरं वाटतं, म्हणून तो पुन्हा मागितला जातो. दिलासा देणारीला वाटतं आपण मदत करतोय, आणि महिन्याभरानं ती चिडायला लागते. तिची चूक नाही. दिवसातून वीस वेळा एकच प्रश्न आला तर कोणीही चिडेल.

मला इथं एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. आपण म्हणतो, निवृत्तीनंतर माणूस रिकामा होतो आणि रिकाम्या मनात चिंता शिरते. या गृहस्थांकडे पाहिलं तर उलटं दिसतं. बिघाड हुडकण्याचं त्यांचं कसब जसंच्या तसं शाबूत आहे, फक्त त्याला पाहायला उपकेंद्र उरलेलं नाही. मग ते जवळात जवळ जे सापडेल ते पाहत बसतं: स्वतःची नाडी, गॅसची नळी, मुलाचा प्रवास. हिशेबनीसाला बँकेच्या व्याजातली चूक छळते, शिक्षिकेला नातवाचा अभ्यास, नर्सला प्रत्येक खोकला. हे आळशाचं दुखणं नाही. कामात चोख असलेल्यांना ते जास्त गाठतं असं मला वाटतं.

काम गेल्यावर नेमकं काय जातं, याचा एक जुना आणि फार बारकाईनं केलेला अभ्यास आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनताल नावाची वस्ती होती. तिथली कापडगिरणी १९२९-३० च्या मंदीत बंद पडली आणि जवळजवळ अख्खी वस्ती बेकार झाली. मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथं जाऊन लोकांचे दिवस टिपले. ते पुस्तक १९३३ मध्ये आलं. वेळ मुबलक झाला तर माणसं जास्त वाचतील असं कोणालाही वाटेल. वाचनालयातून नेली जाणारी पुस्तकं उलट कमी झाली. संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांची चाल मोजली. पुरुष रेंगाळत चालत, वाटेत पुन्हा पुन्हा थांबत. पुष्कळांनी घड्याळ जवळ बाळगणंच सोडलं होतं. बायका मात्र झपाझप चालत होत्या, कारण घरचं काम गिरणीबरोबर बंद पडलं नव्हतं.

तिथं गरिबीही होती, त्यामुळं तो अभ्यास निवृत्तांना सरळ लागू करता येत नाही. पण याहोदानं पुढं जे मांडलं ते लागू पडतं. पगाराखेरीज काम माणसाला पाच गोष्टी न मागता देतं. दिवसाची बांधणी, घराबाहेरच्या माणसांशी रोजची गाठ, अनेकांनी मिळून करायच्या गोष्टीत वाटा, एक ओळख, आणि हातपाय हलवायला लावणारी सक्ती. निवृत्ताला मिळालेल्या पैशांत यांतलं काहीच येत नाही. आपले यंत्रचालक सकाळी आठच्या पाळीला पावणेआठला हजर व्हायचे, कारण रात्रपाळीचा माणूस वाट पाहत असायचा. आता त्यांची कोणीच वाट पाहत नाही. पेपर साडेसातला वाचला काय आणि साडेदहाला वाचला काय, फरक पडत नाही. त्यांच्या पत्नीचा दिवस मात्र मारिएनतालच्या बायकांसारखा आहे तसाच चालू आहे. दूधवाला, कणीक, देवपूजा, भाजी, मंडळाची भिशी. त्यात हे सकाळी नऊला स्वयंपाकघराच्या दारात उभे: दूध किती वेळ ठेवलंस? शिट्ट्या किती झाल्या? घरोघरी होणाऱ्या या चकमकींना लोक हसतात, पण ‘अगं, मला काहीतरी बघायला दे’ हीच त्यामागची मागणी असते.

आता दवाखान्याकडे वळू. साठीच्या आसपास चिंता नव्यानं सुरू झाली, तर आधी शरीर तपासायचं, हा नियम आहे. आयुष्यभर शांत असलेला माणूस अचानक कासावीस होऊ लागला तर थायरॉइड वाढलेलं असू शकतं, हृदयाचा ठोका अनियमित झालेला असू शकतो, रक्त कमी असू शकतं, मधुमेहाच्या गोळीनं साखर खाली जात असू शकते. दम्याचा पंप वारंवार ओढला तर हात कापतात, धडधडतं. रोज संध्याकाळी पिणाऱ्यानं दारू एकदम सोडली तरी तसंच होतं. सहा कप चहाचाही हिशोब विचारायला हवा. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, किंवा चालताना दम लागून थांबावं लागलं, तर ती चिंता समजून घरी बसायचं नाही. तडक दवाखाना गाठायचा, आधी कितीही वेळा ‘काही नाही’ निघालेलं असो.

आपल्या गृहस्थांचा ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२ सगळं ठीक निघालं. या वेळच्या डॉक्टरांनी ‘काही नाही’ म्हणून पाठवलं नाही. त्यांनी गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे सात प्रश्न विचारले. अस्वस्थ वाटतं का, काळजी आवरता येते का, निवांत बसता येतं का, चिडचिड होते का, काहीतरी भयंकर घडेल असं वाटतं का, अशा धाटणीचे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २१. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले की पुढं नीट विचारपूस करायची. यांचे चौदा आले. काळजी सहा महिन्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस, एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारत चाललेली, बरोबर झोपमोड, थकवा, मानेत-खांद्यात ताठरपणा. याला चिंतेचा विकार म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. उदासी आहे का, जगणं नकोसं वाटतं का, हेही डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत विचारलं. या वयात चिंता आणि नैराश्य पुष्कळदा जोडीनं येतात, आणि विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही.

तोवर एक उपद्व्याप होऊन गेला होता. शेजारच्या काकांनी आपल्या डब्यातली अल्प्राझोलामची अर्धी गोळी दिली होती. अर्ध्या तासात शांत वाटलं, झोप लागली, आणि महिन्याभरात ती रोजची झाली. ही गोळी चिंता खरोखर दाबते, म्हणूनच तिचा मोह पडतो. पण तिची सवय लागते, आणि उतारवयात ती तोल घालवते. रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचं हाड मोडण्यामागं अशा गोळ्या असू शकतात. स्मरणशक्तीही मंदावते. बऱ्याच दिवसांनी ती एकदम बंद केली तर धडधड दुपटीनं परत येते, क्वचित फिटही येते, म्हणून डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. त्याऐवजी सहसा एस्सिटॅलोप्राम किंवा सर्ट्रालिन या गटातलं औषध देतात. त्याचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात अस्वस्थता थोडी वाढूही शकते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस चौथ्या दिवशी औषध फेकून देतो. यांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं क्लोरथॅलिडोन होतं. या दोन्हींमुळं वयस्कांच्या रक्तातलं सोडियम घसरू शकतं, त्यामुळं पंधरा दिवसांनी रक्त तपासलं गेलं. गोंधळल्यासारखं होणं, मळमळ, झोक जाणं ही सोडियम घसरल्याची लक्षणं चिंतेचीच समजली जातात आणि चूक होते.

औषधानं गलका कमी होतो. सवयी मोडायचं काम वेगळं. ते समुपदेशकाबरोबर सुरू झालं आणि पहिला हात वहीलाच घातला. मोजायचं, पण वेळ ठरवून: सकाळी गोळीपूर्वी आणि रात्री जेवणाआधी, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसल्यावर, मिनिटाच्या अंतरानं दोनदा, बस. मधल्या काळात यंत्र पत्नीच्या कपाटात. पहिले चार दिवस फार वाईट गेले. मोजावंसं वाटलं की त्यांनी मोजायचं नव्हतं, फक्त त्या ओढीला दहापैकी गुण द्यायचे होते. नऊ, नऊ, सात आणि चाळीस मिनिटांत तीन. न मोजताही ओढ ओसरते, हे आकड्यांत दिसलं तेव्हा त्यांना पटलं. आकड्यांवर त्यांचा पहिल्यापासून विश्वास होता. मुलाच्या फोनचंही तसंच केलं. रोज रात्री नऊला एक फोन, मधे नाही. ‘मला काही होणार नाही ना?’ या प्रश्नावर पत्नीनं उत्तर न देता ‘हा तुमचा नेहमीचा प्रश्न आहे, चला, भाजी निवडू’ म्हणायचं ठरलं. तिला ते आधी निष्ठुरपणाचं वाटलं.

झोपेचं गणित साधं निघालं. दुपारी दीड तास आणि रात्री नऊपासून अंथरुणात, म्हणजे पहाटे तीनला शरीराची झोप पुरी झालेली असायची. दुपारची झोप वीस मिनिटांवर आणली, रात्री अंथरुणावर जायची वेळ साडेदहा केली. जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून बाहेरच्या खोलीत बसायचं.

उरला दिवस. इथं बहुतेक सल्ले फसतात. ‘छंद लावून घ्या’ असं त्यांना आधीच दहा जणांनी सांगितलं होतं. हास्यक्लबला ते आठवडाभर गेले. बागकाम केलं, दोन कुंड्या वाळल्या. छंद वाईट नाहीत. ज्यांना आधीपासून आहेत त्यांना ते तारतातही. पण ज्याला चौतीस वर्षं कोणीतरी वाट पाहत असल्यानं उठायची सवय आहे, त्याला आपल्याच मर्जीवर सोडलेलं काम उठवत नाही. आज गेलो नाही तर कोणाचं तरी अडेल, असं काहीतरी लागतं. रोजचं नको, आठवड्यातून दोन-तीनदा, ठरलेल्या वाराला, आणि आपल्या कसबाला धरून.

त्यांच्या सोसायटीत पाण्याचा पंप वारंवार जळत होता. मंगळवारी आणि शुक्रवारी पंपाचं पॅनेल पाहायचं, व्होल्टेज आणि मोटरचा करंट लिहायचा, हे काम त्यांनी अंगावर घेतलं. इमारतीतली दोन मुलं आयटीआयला वायरमनचा कोर्स करत होती. गुरुवारी संध्याकाळी ती मुलं येऊ लागली. यांना वाटलं होतं आपण शिकवणार. पहिल्या दिवशी मुलांनी स्मार्ट मीटरबद्दल विचारलं आणि हे गप्प झाले, मग शुक्रवारपर्यंत वाचून काढलं. तो आठवडा वहीत सगळ्यात कमी धडधडीचा निघाला.

एक धोका मात्र लगेच दिसला. सोसायटीनं त्यांना सेक्रेटरी व्हा म्हटलं, ते झाले आणि महिन्याभरात पार्किंगपासून कचऱ्यापर्यंत सगळ्यावर नजर ठेवू लागले. रात्री बाराला वॉचमनला फोन. तपासणीची सवय तीच, फक्त बीपीवरून सोसायटीवर गेली. समुपदेशकाच्या सांगण्यावरून त्यांनी पद सोडलं, पंप ठेवला. कामाला कुंपण हवं: सुरू कधी, संपलं कधी, आणि काय आपल्या अखत्यारीत नाही. उपकेंद्रात हे कुंपण पाळीच्या वेळा घालून देत होत्या. घरी ते आपणच घालावं लागतं.

पाच महिन्यांनी सात प्रश्नांचे गुण सहावर आले. पहाटे अजून कधी कधी जाग येते. दूरच्या प्रवासाआधी पोट बिघडतं. बरं वाटू लागल्यावर औषध बंद करायची घाई त्यांनी केली, पण डॉक्टरांनी ते बरं वाटल्यानंतर निदान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवायला सांगितलं, आणि पुढं बंद करायचं तेही टप्प्याटप्प्यानं.

सगळ्यांचं इतकं सरळ होत नाही. आजारी जोडीदाराची सेवा करणाऱ्याला दिवस रिकामा नसतोच. त्याची चिंता थकव्यातून येते, आणि त्याला आणखी काम देणं हा छळ होईल. त्याला आठवड्यातले काही तास सुटका लागते. ज्याला चिंतेबरोबर नावं आठवेनाशी झाली आहेत, ओळखीचा रस्ता चुकतो आहे, पैशांचा हिशोब जमेनासा झाला आहे, त्याची स्मृतीची तपासणी आधी व्हायला हवी. कधी कधी चिंता ही स्मृतिभ्रंशाची पहिली खूण असते. खेड्यात मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसला तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, पण तिथं नाव नोंदवताना फक्त सभासद होऊ नये. सतरंज्या काढण्यापासून हिशोबापर्यंत काहीतरी आपल्या नावावर मागून घ्यावं.